भाषणाची लक्षवेधी सुरुवात

भाषणाची लक्षवेधी सुरुवात म्हणजे वक्त्याने विषयाची औपचारिक ओळख करून देण्यापूर्वी एखादी गोष्ट, प्रश्न किंवा अनपेक्षित वस्तुस्थिती मांडून श्रोत्यांच्या मनात पुढील विवेचनाविषयी उत्सुकता निर्माण करणे होय. वक्तृत्वशास्त्रात भाषणाच्या या भागास प्रारंभ, उपोद्घात किंवा प्रास्ताविक अशी नावे आहेत. प्रास्ताविकाचे काम विषय, वक्ता आणि प्रसंग यांची ओळख करून देण्याचे असते. लक्षवेधी सुरुवात हा त्यातीलच एक छोटा, बहुधा अर्ध्या ते एक मिनिटाचा भाग आहे. श्रोत्याला एखाद्या गोष्टीचे उत्तर हवेसे वाटावे आणि ते उत्तर भाषणातच मिळेल असा विश्वास त्याला वाटावा, एवढेच तिचे काम असते.

प्रदीर्घ प्रास्ताविकाविषयीची नाराजी मराठीत 'नमनालाच घडाभर तेल' या म्हणीत व्यक्त झाली आहे. मुख्य खेळ सुरू होण्याआधीच नमनापायी दिवट्यांचे तेल संपून जावे, अशी कल्पना या म्हणीमागे आहे. श्रोत्याचे लक्षही दिवटीच्या तेलाप्रमाणे मोजकेच असते, हे या म्हणीत गृहीत धरलेले दिसते.

## प्राचीन विचार

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वकलेवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात भाषणाच्या प्रारंभाचा विचार केला आहे. प्रारंभाची तुलना त्याने काव्याच्या प्रस्तावनेशी आणि बासरीवादकाने मुख्य रचनेपूर्वी वाजविलेल्या स्वरांशी केली. भाषण कोणत्या दिशेने जाणार आहे हे श्रोत्याला कळविणे, हे प्रारंभाचे आवश्यक कार्य त्याने सांगितले. त्याचे आणखी एक निरीक्षण अधिक मार्मिक आहे. भाषणाच्या आरंभी सर्वच जण लक्ष देऊन ऐकत असतात आणि लक्ष ढळते ते पुढे. त्यामुळे 'लक्ष द्या' अशी विनंती आरंभीच करणे त्याला हास्यास्पद वाटे.

रोमन वक्त्यांनी प्रारंभाची तीन उद्दिष्टे मानली. श्रोता अनुकूल व्हावा, सावध व्हावा आणि समजून घेण्यास तयार व्हावा, ही ती उद्दिष्टे होत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील 'रेटोरिका ॲड हेरेनियम' या लॅटिन ग्रंथात सरळ प्रारंभ आणि आडवळणाचा प्रारंभ असे दोन भेद केलेले आहेत. आधीच्या वक्त्यांना ऐकून श्रोते थकलेले असतील, तर हसू आणणारी एखादी बोधकथा किंवा कल्पित प्रसंग सांगून सुरुवात करावी, असे त्यात सुचविले आहे. म्हणजे गोष्टीने सुरुवात करणे हा सर्वकाळ लागू होणारा नियम नसून विशिष्ट परिस्थितीवरचा उपाय मानला गेला होता.

सिसेरोच्या 'दे ओरातोरे' या संवादात अँटोनियस हे पात्र आपली पद्धत सांगते. जे प्रथम बोलायचे त्याचा विचार तो सर्वांत शेवटी करीत असे. प्रारंभ बाहेरून आणून चिकटविलेला नसावा, तो विषयाच्या गाभ्यातून निघालेला असावा, हे त्यामागचे कारण होते. गाभा कोणता हे संपूर्ण भाषण तयार झाल्याशिवाय कळत नाही.

## मराठी परंपरेतील प्रारंभ

महाराष्ट्रात समुदायासमोर बोलण्याची सर्वांत प्रभावी परंपरा कीर्तनाची आहे. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमनानंतर एखादे पद किंवा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण केले जाते. त्या तत्त्वाला दृष्टान्त म्हणून उत्तररंगात आख्यान सांगितले जाते. येथे मोठी गोष्ट शेवटी येते आणि सिद्धान्त आधी येतो, म्हणजे 'गोष्टीने सुरुवात करावी' या आधुनिक सल्ल्याच्या उलट हा क्रम आहे. तरीही श्रोते विखुरत नाहीत. टाळ-मृदंग आणि नामघोष यांनी समुदाय आरंभीच एकत्र आलेला असतो आणि पुढे आख्यान येणार आहे हेही सर्वांना ठाऊक असते. ज्या सभेत असे संगीत आणि अशी पूर्वापार अपेक्षा नसते, तेथे हे काम सुरुवातीच्या शब्दांनाच करावे लागते.

### गाडगे महाराजांची प्रश्नपद्धती

प्रश्नाने सुरुवात करण्याचे मराठीतील ठळक उदाहरण संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या कीर्तनात आढळते. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. एखाद्या गावात गेल्यावर ते दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यामुळे श्रोते कीर्तनाला बसण्यापूर्वीच त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिलेला असे: हा अनोळखी माणूस आपले गाव का झाडतो आहे? या दृष्टीने पाहता कीर्तनाचा प्रारंभ सकाळीच झालेला असे.

प्रत्यक्ष कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोते एकमुखाने उत्तर देत. कर्ज, व्यसन, नवसासाठी दिला जाणारा पशुबळी, अस्पृश्यता आणि मुलांचे शिक्षण हे त्यांचे नेहमीचे विषय होते. त्यांच्या प्रश्नांची रचना पाहण्यासारखी आहे. पहिले प्रश्न इतके सोपे असत की निरक्षर श्रोत्यालाही उत्तर देताना संकोच वाटू नये. उत्तर एकट्याने द्यायचे नसून सर्वांनी मिळून द्यायचे असल्यामुळे चुकण्याची भीतीही नसे. मग प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तरावर रचला जाई आणि शेवटी श्रोत्याला आपल्याच उत्तरांतून आपल्या वागण्यातील विसंगती दिसू लागे. वक्त्याने निष्कर्ष सांगण्यापूर्वीच श्रोत्याने तो उच्चारलेला असे.

## शालेय वक्तृत्वातील रूढ सुरुवात

महाराष्ट्रातील शाळांमध्ये जयंती, पुण्यतिथी, स्वातंत्र्यदिन आणि वक्तृत्व स्पर्धा अशा प्रसंगी विद्यार्थ्यांची भाषणे होतात. त्यांचा एक ठरावीक साचा आहे. प्रथम व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि बालमित्र यांना संबोधन येते. नंतर आपण अमुक विषयावर 'चार शब्द' सांगणार असल्याचे निवेदन आणि ते शांतचित्ताने ऐकण्याची विनंती असते. या साच्यातील संबोधन हा सभेच्या शिष्टाचाराचा भाग असल्याने तो सहसा गाळता येत नाही. शांतचित्ताने ऐकण्याची विनंती मात्र ॲरिस्टॉटलने ज्या चुकीवर बोट ठेवले तीच आहे. जेव्हा सारे ऐकतच असतात, तेव्हा त्यांना ऐकण्याची विनंती करण्यात पहिली काही सेकंदे खर्च होतात.

पाच मिनिटांच्या भाषणात ही हानी लहान नसते. मागून-पुढून दहा विद्यार्थ्यांनी हीच वाक्ये म्हटलेली असतात, त्यामुळे श्रोत्याला पुढील वाक्य आधीच पाठ असते. त्यावर साधा उपाय असा की संबोधन एका वाक्यात पूर्ण करावे, क्षणभर थांबावे आणि लगेच गोष्ट, प्रश्न किंवा वस्तुस्थिती मांडावी. विषयाचे नाव त्यानंतर सांगितले तरी चालते, कारण तोपर्यंत श्रोत्यालाच ते हवे असते.

## उत्सुकतेचे कारण

उत्सुकता केव्हा निर्माण होते, याविषयी जॉर्ज लोवेनस्टाईन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये मांडलेला विचार प्रसिद्ध आहे. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावे असे वाटते, यांमधील अंतर जाणवले की उत्सुकता उत्पन्न होते. यातून वक्त्यासाठी दोन गोष्टी निघतात. विषयाची काहीच माहिती नसलेल्या श्रोत्याला अंतर जाणवत नाही, कारण आपल्याला काय ठाऊक नाही हेच त्याला कळत नाही. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्यासाठी तर अंतरच उरत नाही. म्हणून कोणतीही गोष्ट किंवा आकडेवारी स्वतःहून लक्षवेधी नसते. ती विशिष्ट श्रोत्यांपुरती लक्षवेधी असते.

## उदाहरण: खर्डी येथील पाणीविषयक भाषण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर खर्डी हे गाव आहे. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात येथील अनेक गावपाड्यांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. या विषयावर एखाद्या विद्यार्थ्याने पाच मिनिटांचे भाषण करावयाचे ठरविले, तर सुरुवातीचे पुढील पर्याय संभवतात.

सर्वमान्य विधान. 'पाणी म्हणजे जीवन' असे म्हणून सुरुवात केली तर कोणीही त्यास विरोध करणार नाही आणि म्हणूनच कोणाला पुढचे ऐकावेसे वाटणार नाही. ठाऊक असलेले आणि हवे असलेले यांत येथे अंतरच नाही.

मोठा आकडा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लीटर आहे. हा आकडा अचूक असला तरी कानावरून वाहून जातो, कारण त्याला धरून ठेवता येईल असे कोणतेही माप श्रोत्याच्या अनुभवात नाही. त्यातील ७,१७,०३७ दशलक्ष लीटर भातसाचे आहेत. हे दोन आकडे न उच्चारता त्यांचे गुणोत्तर सांगितले, म्हणजे मुंबईच्या सात जलाशयांतील जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसात असतो असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते. मूळ आकडे भाषणात पुढे, पुरावा म्हणून देता येतात.

अनपेक्षित वस्तुस्थिती. जवळजवळ निम्मा साठा ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात टँकर येतो, ही वस्तुस्थिती दादर किंवा मुलुंड येथील श्रोत्यांसाठी धक्कादायक ठरेल. नळ उघडणाऱ्याला ते पाणी कोठून येते याची पुसट कल्पना असते. तेथील टंचाईची बहुधा नसते. खर्डीच्या श्रोत्यांना मात्र हे सांगणे म्हणजे त्यांचेच दुःख त्यांना ऐकविणे होय. ते मान डोलावतील, कदाचित टाळ्याही देतील. पण त्यांना नवे काही हवेसे वाटणार नाही. टाळ्या मिळाल्या म्हणजे उत्सुकता निर्माण झाली, असे समजणे ही वक्त्याची नेहमीची फसगत आहे.

प्रश्न. खर्डीत याच वस्तुस्थितीचा प्रश्न करता येतो. 'आपल्या तालुक्यात एवढी धरणे असताना शहापूरच्या गावांसाठी पाणी घाटावरच्या धरणातून आणण्याची योजना का आखावी लागली?' हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याच्या योजनेसंबंधी आहे. श्रोत्यांकडे याचे एक तयार उत्तर असते: पाणी मुंबईने नेले. ते उत्तर काही अंशी खरे आहे, कारण या धरणांतील मोठा साठा शहरासाठीच वापरला जातो. पण ते अपुरे आहे आणि हेच अंतर भाषणाला पुढे नेते.

उरलेले उत्तर भूगोलात आहे. तालुक्याची जमीन बेसाल्ट खडकाची आहे. कातळ पाणी फारसे मुरू देत नाही आणि चढउताराच्या भूमीवरून पावसाचे पाणी वेगाने वाहून जाते, म्हणून उंचावरच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. धरणे दरीत आहेत, तर कित्येक पाडे डोंगरउतारावर आणि माथ्यावर वसलेले आहेत. दरीतील पाणी खाली नेणे सोपे असते. भातसाचे पाणी नदीपात्रातून उताराने पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथे उपसले जाते. तेच पाणी वरच्या पाड्यावर चढवायचे तर पंप, वीज आणि जलवाहिन्यांचा कायमचा खर्च येतो. भावली धरण घाटमाथ्यावर, या पाड्यांपेक्षा उंच आहे, म्हणून तेथून पाणी उताराने आणता येते.

गोष्ट. हाच विषय गोष्टीने सुरू करायचा असेल, तर एक व्यक्ती, एक जागा आणि एक अडचण एवढे पुरेसे असते. मे महिन्यात पहाटे एखादी बाई विहिरीच्या तळाशी उतरून झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरते आहे आणि वर उभे राहिले की तिला दूर खाली धरणाचे पाणी चमकताना दिसते, एवढ्यावर गोष्ट थांबवावी. हंडा भरला की नाही, हे शेवटासाठी राखून ठेवावे. धरण खाली आणि बाई वर, ही स्थिती गोष्टीत आली असल्यामुळे उंचीचे स्पष्टीकरण आल्यावर श्रोत्याला आरंभीचे दृश्य आपोआप आठवते. प्रसंग कल्पित असेल तर वक्त्याने तसे सूचित करणे आवश्यक असते. श्रोत्यांत त्या पाड्यावरची माणसे बसलेली असू शकतात आणि खोट्या तपशिलाने सगळ्या भाषणावरचा विश्वास जातो.

वरील पर्यायांतून असे दिसते की एकाच विषयासाठी मुंबईत वस्तुस्थिती आणि खर्डीत प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. फरक विषयात नाही. श्रोत्यांना आधीपासून काय ठाऊक आहे, यात आहे.

## प्रश्न विचारण्याची रीत

प्रश्नाने केलेली सुरुवात सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत अधिक वेळा फसते. प्रश्न विचारताच वक्ता स्वतःच घाईने उत्तर देतो, हे त्याचे मुख्य कारण आहे. प्रश्नानंतर मनातल्या मनात तीन-चार अंक मोजण्याइतके थांबल्यास श्रोत्याला स्वतःचे उत्तर शोधण्यास वेळ मिळतो. व्यासपीठावरील व्यक्तीला हा विराम फार लांब वाटतो, समोरच्यांना तो तसा वाटत नाही.

उत्तर अपेक्षित आहे की नाही, हेही स्पष्ट असावे लागते. हात वर करण्यास सांगितले, तर किती हात वर आले याची दखल पुढील वाक्यात घ्यावी लागते. अन्यथा प्रश्न केवळ देखावा होता, हे श्रोते ओळखतात. 'तुम्हांला यशस्वी व्हायचे आहे का?' यांसारख्या प्रश्नाचे एकच उत्तर संभवते, म्हणून तो प्रश्न राहत नाही. ज्याचे उत्तर देताना एखाद्याला कर्ज, व्यसन किंवा परीक्षेतील अपयश सर्वांसमोर कबूल करावे लागेल, असा प्रश्न एकट्या श्रोत्याला विचारणे अयोग्य ठरते. गाडगे महाराजांच्या पद्धतीत उत्तर सामुदायिक असे, त्याचे महत्त्व येथे लक्षात येते.

## मर्यादा आणि दोष

विषयाशी संबंध नसलेली आकर्षक सुरुवात केवळ निरुपयोगी नसते, ती हानिकारक ठरू शकते. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना वीज कशी चमकते याविषयीचा मजकूर वाचण्यास दिला होता. त्यात रंजक पण मूळ प्रक्रियेशी असंबद्ध तपशील घातले असता विद्यार्थ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले. असे तपशील मजकुराच्या आरंभी असताना हानी वाढली आणि शेवटी असताना ती कमी झाली. आरंभी जे येते त्याभोवती वाचक पुढील माहितीची जुळणी करू लागतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. हे प्रयोग वाचनावरचे आहेत. तथापि भाषणात श्रोत्याला मागे वळून पुन्हा ऐकता येत नाही, त्यामुळे ही सावधगिरी तेथेही लागू पडते.

सुरुवात विषयाशी जुळते की नाही, हे ताडण्याची एक सोपी कसोटी आहे. सुरुवातीचा परिच्छेद झाकून उरलेले भाषण वाचावे. काहीही उणे वाटले नाही, तर ती सुरुवात बाहेरून चिकटविलेली आहे. तीच सुरुवात दुसऱ्या एखाद्या विषयाच्या भाषणालाही शोभत असेल, तरीही निष्कर्ष हाच निघतो. भाषणानंतर श्रोत्यांना गोष्ट आठवते पण ती कशासाठी सांगितली हे आठवत नाही, हे या दोषाचे प्रत्यक्ष लक्षण होय.

दुसरा दोष अपुऱ्या फेडीचा आहे. आरंभी उभा केलेला प्रश्न अनुत्तरित राहिला, तर श्रोत्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. उलट उत्तर दुसऱ्याच मिनिटाला दिले, तर उत्सुकता तेथेच संपते. खर्डीच्या उदाहरणात पहिल्या भागात 'पाणी मुंबईने नेले' हे परिचित उत्तर तपासून पाहणे, मध्यभागी खडक आणि उतार यांचे विवेचन करणे आणि त्यानंतर उंचीचे उत्तर देणे, असा क्रम योग्य ठरतो. शेवटचे मिनिट त्या उत्तरावरून काय करता येईल यासाठी उरते.

तिसरा दोष अविश्वसनीय माहितीचा आहे. ऐकीव आकडे किंवा थोर व्यक्तींच्या नावावर खपविलेली वचने सुरुवातीला वापरण्याचा मोह होतो, कारण ती चटकदार असतात. भाषणाच्या मध्यभागी झालेली चूक कधी कधी क्षम्य ठरते. पहिल्याच वाक्यातील चूक एखाद्या जाणकार श्रोत्याने ओळखली, तर तो पुढील खऱ्या विधानांवरही शंका घेतो.

काही प्रसंगी लक्षवेधी सुरुवात मुळातच अनावश्यक असते. शोकसभेत, अपघातानंतरच्या सूचनेत किंवा ग्रामसभेतील ठरावाच्या वाचनात श्रोत्यांचे लक्ष आधीच विषयावर केंद्रित झालेले असते. अशा वेळी गोष्ट किंवा कोडे ऐकविणे म्हणजे त्यांना थांबवून ठेवणे होय. तेथे कामाचे पहिले वाक्य हीच योग्य सुरुवात असते.